रिक्वेस्ट-अ‍ॅक हँडशेक: त्याच त्या चुका, आणि त्या कशा टाळायच्या

दोन सर्किट्स, दोघांचं क्लॉक वेगळं, आणि एकाकडचा आकडा दुसऱ्याकडे बिनचूक पोचवायचा आहे. यासाठी दोन जादा तारा पुरतात. पाठवणारा एका तारेवर सांगतो, "आकडा ठेवलाय, घे." ती रिक्वेस्ट. घेणारा दुसऱ्या तारेवर सांगतो, "घेतला." ती अ‍ॅक. कल्पना इतकी सोपी आहे की नवी मंडळी दहा मिनिटांत कोड लिहून मोकळी होतात. मग त्यातल्या चुका शोधण्यात आठवडे जातात, आणि बहुतेक वेळा तो शोध माझ्या टेबलावर येऊन संपतो. चुका नव्या नसतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे.

पूर्ण लेखात एकच उदाहरण धरतो. पाठवणारा ५० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे त्याचा एक ठोका २० नॅनोसेकंदांचा. घेणारा ८ मेगाहर्ट्झवर, त्याचा ठोका १२५ नॅनोसेकंदांचा. दोघांचे ऑसिलेटर वेगळे आहेत. एकाची कड दुसऱ्याच्या कडेच्या तुलनेत कुठे पडेल याची काहीही खात्री नाही.

हँडशेक चार पायऱ्यांचा. पाठवणारा आकडा तारांवर ठेवतो आणि रिक्वेस्ट वर नेतो. घेणारा आकडा उचलतो आणि अ‍ॅक वर नेतो. पाठवणारा ते पाहून रिक्वेस्ट खाली आणतो. घेणारा ते पाहून अ‍ॅक खाली आणतो. आता दोन्ही तारा मूळ जागी आल्या, पुढचा आकडा पाठवायला हरकत नाही.

चौथी पायरी गाळणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. अ‍ॅक वर आलेली दिसली की पाठवणाऱ्याला वाटतं, काम झालं. तो रिक्वेस्ट खाली आणतो आणि अ‍ॅक खाली यायची वाट न बघता पुढच्या आकड्यासाठी रिक्वेस्ट पुन्हा वर नेतो. अ‍ॅक तेव्हा अजून वरच असते, पण ती आधीच्या आकड्याची. पाठवणारा तिला नव्या आकड्याची पोच समजतो.

एका मोजमापाच्या यंत्रात मी याचा पूर्ण अनुभव घेतला. सेन्सरचे आकडे वेगवान बाजूकडून संथ बाजूकडे जात होते, सेकंदाला दहा हजार. दोन आकड्यांमध्ये १०० मायक्रोसेकंदांचं अंतर. महिनोन्‌महिने एकही आकडा चुकला नाही. मग कुणीतरी आकडे आधी साठवून ६४-६४ च्या गठ्ठ्याने पाठवायचं ठरवलं. हँडशेकच्या कोडला हातही लावला नव्हता. पाठवणाऱ्याचा काउंटर ६४ दाखवायचा आणि पलीकडे पोचायचे दहाच्या आसपास. कधी नऊ, कधी अकरा.

माझा तरुण सहकारी म्हणाला, "सर, ही मेटास्टेबिलिटी आहे. क्लॉक वेगळे आहेत ना." त्याच्या मते बदलत्या सिग्नलवर कड पडून फ्लॉप ० आणि १ च्या मधे लटकत होता. घेणाऱ्याकडच्या सिंक्रोनायझरमध्ये, म्हणजे पलीकडचा सिग्नल आपल्या क्लॉकवर स्थिर करून घेणाऱ्या साखळीत, दोन फ्लिप-फ्लॉप होते, त्याने तिसरा घातला. पोचणारे आकडे दहावरून आठवर आले.

त्या आठने आम्हाला उत्तर दिलं. मेटास्टेबिलिटी असती तर तिसऱ्या फ्लॉपने चूक कमी व्हायला हवी होती, ती नेमाने वाढली. म्हणजे दोष उशिराशी बांधलेला होता. हिशेब मांडला. पाठवणारा जुनी अ‍ॅक पाहून दर ६० नॅनोसेकंदांना एक आकडा "पाठवत" होता: एक ठोका आकडा ठेवायला, एक रिक्वेस्ट वर न्यायला, एक अ‍ॅक बघून खाली आणायला. घेणाऱ्याला रिक्वेस्ट खाली गेलेली कळून त्याची अ‍ॅक उतरायला २५० ते ३७५ नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात चार ते सहा आकडे हवेत विरत होते. तिसरा फ्लॉप घातल्यावर अ‍ॅक आणखी १२५ नॅनोसेकंद वर राहू लागली आणि दर खेपेला आणखी दोन गेले.

लॉजिक अ‍ॅनालायझरवर दोन्ही तारा एकाखाली एक लावल्या तेव्हा चित्र स्पष्ट दिसलं. अ‍ॅक एकदाच वर जाऊन सपाट पडलेली, आणि तेवढ्यात रिक्वेस्ट पाच वेळा वर-खाली. हे चित्र दिसलं की दुसरं काही शोधायची गरज नाही.

सिम्युलेशनमध्ये हे का सापडलं नाही, तेही तपासलं. टेस्टबेंचमध्ये दोन्ही बाजूंना एकच क्लॉक दिलेलं होतं आणि दोन आकड्यांमध्ये ऐसपैस मोकळी जागा होती. चौथी पायरी आपोआप पूर्ण होत होती, कुणी तपासत नसताना. म्हणून मी टेस्टबेंचमध्ये दोन्ही क्लॉकचे पिरियड एकमेकांना भाग न जाणारे घेतो, उदाहरणार्थ २० आणि १२७, आणि आकडे पाठीला पाठ लावून सोडतो. हे पहिल्या दिवशी करतो, सगळं चालायला लागल्यावर नाही.

दुरुस्ती म्हणाल तर एका अटीची आहे. पाठवणाऱ्याची बाजू मी नेहमी अशी लिहितो:

```verilog
case (st)
  IDLE:  if (have && !ack_s) begin
           data <= d;  st <= RAISE;
         end
  RAISE: begin req <= 1;  st <= WAIT1;  end
  WAIT1: if (ack_s) begin
           req <= 0;  st <= IDLE;
         end
endcase
```

पहिल्याच ओळीतलं `!ack_s` म्हणजे चौथी पायरी. अ‍ॅक खाली नसेल तर नवा आकडा तारांवर ठेवायचाच नाही. `ack_s` म्हणजे पाठवणाऱ्याच्या क्लॉकवर दोन फ्लॉपमधून आलेली अ‍ॅक. कच्ची अ‍ॅक स्टेट मशीनमध्ये थेट कधीही वापरू नका.

घेणारी बाजू त्याहून लहान:

```verilog
if (req_s && !ack) begin
  q <= data;  ack <= 1;
end else if (!req_s && ack)
  ack <= 0;
```

इथे `!ack` गाळलं तर उलटी चूक होते. रिक्वेस्ट वर असेपर्यंत घेणारा दर ठोक्याला तोच आकडा उचलत राहतो. पुढे आलेले आकडे क्रमाने साठवणारा फिफो असेल तर एक आकडा दोनदा, तीनदा भरला जातो. आकडे गळत असतील तर पाठवणाऱ्याकडे बघा, दुणावत असतील तर घेणाऱ्याकडे.

"चार पायऱ्यांनी वेग कमी होतो" ही तक्रार मी फार ऐकतो, आणि तक्रार करणाऱ्याने हिशेब केलेला क्वचितच असतो. आपल्या उदाहरणात रिक्वेस्ट वर जाऊन अ‍ॅक यायला २५० ते ३७५ नॅनोसेकंद, ती पाठवणाऱ्याला कळून रिक्वेस्ट उतरायला ४० ते ६०. खाली येताना पुन्हा तेवढंच, वर एक ठोका. एकूण ६०० ते ९०० नॅनोसेकंद. म्हणजे वाईटात वाईट वेळीही सेकंदाला साधारण ११ लाख आकडे. आमच्या यंत्राची गरज दहा हजारांची होती. एवढी सवड असताना पायरी वाचवायची घाई कशासाठी, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. खरोखर जास्त वेग हवा असेल तर हँडशेक कापू नका, दोन क्लॉकचा फिफो वापरा.

डेटाच्या प्रत्येक तारेवर सिंक्रोनायझर

ही चूक मेहनती लोकांची, म्हणून ती दाखवताना मला वाईट वाटतं. त्यांनी वाचलेलं असतं की दुसऱ्या क्लॉकमधून येणारा प्रत्येक सिग्नल दोन फ्लॉपमधून घ्यावा. मग ते रिक्वेस्टसोबत डेटाच्या आठही तारांना दोन-दोन फ्लॉप लावतात आणि निश्चिंत होतात.

काय बिघडतं ते एका आकड्यावर पाहू. तारांवर १२७ होता, आता १२८ येतोय. म्हणजे `01111111` चं `10000000` होतंय, आठही तारा बदलतायत. घेणाऱ्याची कड नेमकी त्या बदलाच्या क्षणी पडली, तर काही तारांचं जुनं मूल्य उचललं जाईल आणि काहींचं नवं. वरची तार लवकर पोचली तर २५५ वाचाल, उशिरा पोचली तर शून्य. दोन फ्लॉप प्रत्येक तारेला स्वतंत्रपणे ० किंवा १ वर स्थिर करतात. आठ तारा एकाच क्षणाच्या असतील याची हमी ते देत नाहीत.

हँडशेकची सगळी युक्ती अशी आहे की डेटा सिंक्रोनाइझ करावाच लागत नाही. डेटा आधीच येऊन शांत बसलेला असतो. फक्त रिक्वेस्ट सिंक्रोनायझरमधून जाते, आणि ती बाहेर पडेपर्यंत डेटाला स्थिरावायला आयता वेळ मिळतो. आपल्या घेणाऱ्याकडे रिक्वेस्ट पहिल्या फ्लॉपमध्ये एका कडेला शिरते, पुढच्या कडेला दुसऱ्या फ्लॉपमधून निघते आणि त्याच्या पुढच्या कडेला `q` भरला जातो. पहिल्या कडेपासून मोजलं तर दोन ठोके, म्हणजे २५० नॅनोसेकंदांची सवड. डेटावर फ्लॉप लावले की `q` मध्ये जाणारा आकडा मुळात पहिल्या कडेलाच पकडलेला असतो. मिळालेली २५० नॅनोसेकंदांची सवड तुम्ही स्वतःच परत केली. उरतात ते फक्त रिक्वेस्टआधी डेटा ठेवल्याचे २० नॅनोसेकंद. आणि डेटा व रिक्वेस्ट एकाच कडेला बदलत असाल तर तेही नाहीत.

वरच्या कोडमध्ये `RAISE` ही वेगळी अवस्था म्हणूनच आहे. डेटा एका ठोक्याला, रिक्वेस्ट पुढच्या ठोक्याला. ती काढून एक ठोका वाचवता येतो, कित्येकदा काही बिघडतही नाही. मी काढत नाही.

याच मुद्द्याला जोडून एक सापळा आहे. दोन क्लॉकमधल्या सगळ्या वाटा टाइमिंगच्या तपासणीतून सरसकट वगळायची सवय लोकांना असते. वगळलं की टूल कुठलीही डेटा-तार कितीही लांबून फिरवायला मोकळं होतं. घेणारा ८ मेगाहर्ट्झचा असेल तर कळतही नाही. तोच २०० मेगाहर्ट्झचा झाला की सवड २५० वरून १० नॅनोसेकंदांवर येते, आणि एक आडवाटेने गेलेली तार पुरते. विवाडोमध्ये मी डेटाच्या वाटांवर `set_max_delay -datapath_only` लावतो आणि मर्यादा घेणाऱ्याच्या एका ठोक्याएवढी देतो. सिंक्रोनायझरच्या दोन्ही फ्लॉपना `ASYNC_REG` लावतो, म्हणजे टूल त्यांना शेजारी-शेजारी ठेवतं.

घेणाऱ्याकडे क्लॉकच नसेल आणि रिक्वेस्टच्या कडेवरच लॅच उघडत-मिटत असेल, तर ही आयती सवड मिळत नाही. तिथे रिक्वेस्टच्या वाटेत मुद्दाम डिले घालावा लागतो, सगळ्यात संथ डेटा-तारेहून जास्त. तो डिले तापमान आणि व्होल्टेज बदलल्यावरही पुरला पाहिजे. बोर्ड गार असताना चालतो आणि तापल्यावर चुकतो, तेही पुष्कळ बिट एकदम बदलतानाच, अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासतो.

ओळखायची खूण साधी. वाचलेला आकडा जुन्या आणि नव्याची भेसळ असेल, म्हणजे प्रत्येक बिट दोघांपैकी एकाशी जुळत असेल, तर डेटा आणि रिक्वेस्टचा मेळ चुकलाय. असे दोन-चार चुकीचे आकडे बायनरीत लिहून शेजारी आधीचा आणि नंतरचा आकडा मांडा. एवढ्यानेच पुष्कळदा दोषी तार सापडते.

थोडक्यात संपणाऱ्या

रिक्वेस्टचा एका ठोक्याचा पल्स पाठवू नका. २० नॅनोसेकंदांचा पल्स १२५ नॅनोसेकंदांनी एकदा बघणाऱ्याला सहापैकी एखाद्या वेळीच दिसणार. रिक्वेस्ट वर नेली की अ‍ॅक दिसेपर्यंत ती खाली येत नाही.

रिक्वेस्ट आणि अ‍ॅक थेट फ्लॉपमधूनच बाहेर काढा. `assign req = (st == WAIT1);` दिसायला सुटसुटीत आहे, पण अवस्था बदलताना त्या गेटमधून निघालेली क्षणभराची उसळी पलीकडच्याला रिक्वेस्ट म्हणून दिसू शकते. आपल्याच क्लॉकमध्ये अशी उसळी निरुपद्रवी असते, दुसऱ्याच्या क्लॉकला ती कोणत्या क्षणी भेटेल सांगता येत नाही.

एकच रिक्वेस्ट दोन ठिकाणी वेगवेगळ्या सिंक्रोनायझरमधून घेऊ नका. दोन्हीकडे ती एकाच ठोक्याला पोचेल असं नाही. एकदाच सिंक्रोनाइझ करा आणि तिथून वाटा.

दोन पायऱ्यांचा मोह

दोन पायऱ्यांच्या पद्धतीत तार वर गेली काय, खाली आली काय, प्रत्येक बदल म्हणजे एक रिक्वेस्ट. मूळ जागी परतणं नाही, म्हणून निम्मा वेळ वाचतो. इव्हान सदरलंड यांनी १९८९ मध्ये मायक्रोपाइपलाइनची मांडणी केली ती याच पद्धतीवर. मँचेस्टर विद्यापीठात बनलेला असिंक्रोनस एआरएम प्रोसेसर अ‍ॅम्युलेट-१ हाही दोन पायऱ्यांचा होता. पण त्याच गटाने अ‍ॅम्युलेट-२ साठी चार पायऱ्यांची पद्धत घेतली. तिथलं लॉजिक पातळीवर चालतं, बदलावर नाही, आणि म्हणून साधं राहतं.

माझा आक्षेप आणखी एका जागी आहे, रिसेटच्या. चार पायऱ्यांत मधेच एक बाजू रिसेट झाली तरी दोन्ही तारा पातळीवर बोलत असल्यामुळे गाडी पुन्हा रुळावर येते. फार तर एखादा आकडा दोनदा घेतला जातो किंवा गळतो. दोन पायऱ्यांत "मागच्या वेळी तार कुठे होती" हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवलेलं असतं. एकाच बाजूची आठवण पुसली गेली, की एकतर न पाठवलेला आकडा घेतला जातो, नाहीतर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. दोन्ही बाजू हमखास एकत्र रिसेट होत असतील तरच तिकडे वळा.

टाइमआउट

हँडशेक अडकतो म्हणून टाइमआउट घालणारे भेटतात. ठरावीक वेळात अ‍ॅक आली नाही तर रिक्वेस्ट खाली आणून पुढचा आकडा. हे अजिबात करू नका. अ‍ॅक कदाचित वाटेत असते. ती उशिरा पोचली की नव्या आकड्याच्या खात्यावर जमा होते, आणि चौथी पायरी गाळल्यावर जे झालं तेच परत होतं, फक्त महिन्यातून एकदा. माझ्याकडे टाइमआउट असतो, पण तो एरर फ्लॅग वर करतो आणि रिक्वेस्टला हात लावत नाही. त्यातून सुटका फक्त दोन्ही बाजूंच्या एकत्र रिसेटने.

अडकलं तर आधी दोन तारा बघा

कोड उघडण्याआधी रिक्वेस्ट आणि अ‍ॅकवर प्रोब लावा. अडकलेल्या हँडशेकच्या चारच अवस्था असू शकतात, आणि प्रत्येक अवस्था बोट दाखवते.

रिक्वेस्ट वर, अ‍ॅक खाली: चेंडू घेणाऱ्याच्या कोर्टात आहे. त्याचं क्लॉक चालू आहे का, तो रिसेटमध्ये तर नाही ना, पुढचा फिफो भरल्यामुळे तो थांबलाय का, या क्रमाने बघा. दोन्ही वर: पाठवणाऱ्याला अ‍ॅक दिसलेली नाही किंवा त्याचं स्टेट मशीन भरकटलंय. त्याच्याकडचा सिंक्रोनायझर आणि त्याचं क्लॉक तपासा. रिक्वेस्ट खाली, अ‍ॅक वर: घेणाऱ्याला रिक्वेस्ट उतरलेली कळली नाही. घेणाऱ्याचं क्लॉक मधेच वीज वाचवण्यासाठी बंद होत असेल तर ही अवस्था हमखास दिसते, कारण आकडा उचलला की त्याला वाटतं काम संपलं, आणि अ‍ॅक उतरवायच्या आतच तो झोपतो. क्लॉक बंद करण्याच्या अटीत दोन्ही तारा खाली असणं घातलं की हे थांबतं.

दोन्ही खाली आणि तरीही काही हलत नाही: पाठवणाऱ्याकडे पाठवायला काही आहे का ते बघा. असेल, तर दोन्ही टोकांना तीच तार मोजा. मी एकदा पूर्ण दुपार या अवस्थेत घालवली. पाठवणाऱ्याच्या पिनवर रिक्वेस्ट वर होती आणि घेणाऱ्याच्या पिनवर खाली, कारण कनेक्टरमधली एक पिन बसलेलीच नव्हती. मी फक्त घेणाऱ्याकडे मोजत होतो. तेव्हापासून बोर्डाबाहेर जाणाऱ्या रिक्वेस्ट आणि अ‍ॅकला वाचणाऱ्या टोकाशी १० किलो-ओहमचा पुल-डाउन लावतो, म्हणजे तुटलेली तार निदान ठामपणे खाली दिसते, तरंगत राहून खोट्या रिक्वेस्ट देत नाही. आणि प्रोब दोन्ही टोकांना लावतो.